एएमसी संपवताना: किती सर्व्हिस झाल्या, किती उरल्या

एसीची किंवा वॉटर प्युरिफायरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, दोन प्रकारे संपते. एक तर कागदावरची शेवटची तारीख उलटते आणि ग्राहक नूतनीकरणाचे पैसे भरत नाही, किंवा मुदत शिल्लक असतानाच ग्राहक करार बंद करायचे ठरवतो. पहिल्या प्रकारात कोणाला काही कळवावे लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. दुसऱ्यात कंपनीशी वाद घालावा लागतो, म्हणून तो टाळला जातो. नुकसान मात्र दोन्हींत एकाच जागी होते. पैसे भरून झालेले असतात, पण त्या पैशांतल्या किती सर्व्हिस प्रत्यक्ष मिळाल्या याची मोजदाद कोणी केलेली नसते. न झालेली सर्व्हिस सहसा पुढच्या वर्षात ओढली जात नाही; मुदतीबरोबर ती बुडते. म्हणून करार संपवण्याचे काम शेवटच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी दोनेक महिने, जुनी जॉब शीट बाहेर काढून सुरू करायला हवे.

आधी पाहायचे ते मुळात काय विकत घेतले होते. बाजारात दोन तऱ्हेच्या एएमसी चालतात. एक सर्वसमावेशक, जिला कंपनीचे लोक कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात. तिच्यात मजुरीबरोबर सुटे भागही येतात. प्युरिफायरच्या बाबतीत फिल्टर, आरओ मेंब्रेन, पंप, अ‍ॅडाप्टर. एसीच्या बाबतीत गॅस, पीसीबी, मोटर आणि कधी कधी कॉम्प्रेसर. दुसरी नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, जिच्यात फक्त टेक्निशियनची मजुरी आणि ठरलेल्या सर्व्हिस असतात. भाग लागला तर त्याचे पैसे वेगळे. करार संपवताना हा फरक निर्णायक ठरतो. मजुरीच्या करारात शिल्लक राहतात त्या फक्त सर्व्हिस आणि उरलेले दिवस. सर्वसमावेशक करारात त्याखेरीज देय झालेले, पण न बसवलेले भागही शिल्लक असू शकतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त पैसा त्यांतच अडकलेला असतो.

सर्व्हिसही दोन प्रकारच्या. वर्षातून ठरावीक वेळा, काही बिघडलेले नसताना टेक्निशियनने यायचे आणि साफसफाई, तपासणी करून जायचे, ही नियमित सर्व्हिस. एसीला आणि प्युरिफायरला ती साधारण दोन ते चार वेळा कबूल केलेली असते. दुसरा प्रकार तक्रारीच्या कॉलचा: पाणी गळते आहे, एसी थंड करत नाही, आवाज येतो आहे. हे कॉल बहुतेक करारांत कितीही करता येतात आणि ते नियमित सर्व्हिसच्या संख्येत धरले जात नाहीत. निदान धरले जाऊ नयेत. प्रत्यक्षात हिशेब बिघडतो तो इथेच. गळती काढायला आलेला टेक्निशियन जाताना त्याच कॉलवर नियमित सर्व्हिस झाल्याची नोंद करतो, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो, आणि तो सांगितला की कंपनीच्या खात्यावर एक सर्व्हिस वापरली गेली असे चढते. ओटीपी म्हणजे काम पूर्ण झाल्याची ग्राहकाची सही असते. तो देण्याआधी टेक्निशियनच्या अ‍ॅपवर किंवा जॉब शीटवर कॉलचा प्रकार काय लिहिला आहे, एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते, आणि वर्षाच्या शेवटी होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ तेवढ्यात तुटते.

हा हिशेब एका उदाहरणावरून नीट समजतो. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले व्यवहार रोजचे आहेत. पुण्याच्या सीमेवरच्या, टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या एका सोसायटीत एका कुटुंबाकडे आरओ प्युरिफायर आहे. त्याची सर्वसमावेशक एएमसी १ जून २०२४ ते ३१ मे २०२५ अशी. मूळ रक्कम ४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,७२० रुपये. कबूल केलेल्या गोष्टी अशा: साधारण चार महिन्यांना एक याप्रमाणे तीन नियमित सर्व्हिस, वर्षातून एकदा सेडिमेंट आणि कार्बन फिल्टरचा संच, मुदतीत मेंब्रेन निकामी झाले तर ते बदलून, आणि तक्रारीचे कॉल हवे तितके. आठ महिन्यांनी, जानेवारीच्या अखेरीस, हे कुटुंब सेवेला कंटाळून करार संपवायचे ठरवते. पुढे ओळखीच्या स्थानिक मेकॅनिककडून काम करून घ्यायचे असा त्यांचा बेत आहे.

घरात चार जॉब शीट आहेत. पहिले १२ ऑगस्टचे: नियमित सर्व्हिस झाली, फिल्टरचा संच बदलला, येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ८२० आणि शुद्ध पाण्याचा ७० नोंदवला. दुसरे ४ ऑक्टोबरचे: गळतीची तक्रार, नळीचा कनेक्टर बदलला, पण कॉलच्या प्रकारापुढे नियमित सर्व्हिस असे लिहिलेले. तिसरे २० डिसेंबरचे: मशीन चालू होत नव्हते, अ‍ॅडाप्टर बदलला. चौथे २ जानेवारीचे: पाणी मचूळ लागते अशी तक्रार, शुद्ध पाण्याचा टीडीएस २९०, शेरा असा की मेंब्रेन बदलावे लागेल, सध्या माल नाही. त्यानंतर कोणी आलेले नाही. कस्टमर केअर सांगते की दोन सर्व्हिस झाल्या, एक बाकी आहे, आणि एएमसीचे पैसे परत मिळत नाहीत.

प्रश्न आधी ऑक्टोबरच्या फेरीचा. ती नियमित सर्व्हिस होती की तक्रारीचा कॉल, हे लिहिलेल्या शब्दावरून नव्हे, तर झालेल्या कामावरून ठरते. ग्राहकाने तक्रार नोंदवली होती आणि तिचा क्रमांक मोबाइलवर आलेला आहे. काम झाले ते फक्त कनेक्टरचे. फिल्टरचे हाउसिंग उघडले नाही, टाकी धुतली नाही, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजला नाही. नियमित सर्व्हिसमध्ये या तीन गोष्टी होतात, आणि त्या झाल्याची खूण जॉब शीटवर सापडत नाही. म्हणजे झालेली नियमित सर्व्हिस एकच. आठ महिन्यांत दोन व्हायला हव्या होत्या, तेव्हा एक थकलेली आहे, आणि तिसरी अजून पुढच्या चार महिन्यांतली आहे.

थकलेली आणि पुढची यांतला फरक पैशांचा हिशेब करताना सांभाळावा लागतो, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. सगळ्यात सरळ पद्धत दिवसांची. ३१ जानेवारीपर्यंत २४५ दिवस झाले, १२० उरले. ४,७२० रुपयांचा ३६५ पैकी १२० दिवसांचा वाटा सुमारे १,५५२ रुपये होतो. ही मागणी करायला सोपी आहे, पण कंपनीचा आक्षेप ठरलेला असतो: वर्षभराचा फिल्टर संच ऑगस्टमध्येच बसवून दिला, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे. संचाची किंमत कंपनीच्या स्वतःच्या दरपत्रकानुसार १,३०० रुपये धरली, तर ती आधी वजा करावी. उरतात ३,४२० रुपये, म्हणजे मजुरी, फेऱ्या आणि बिघाडाची हमी यांची किंमत. त्यातला १२० दिवसांचा वाटा १,१२४ रुपये. तिसरी सर्व्हिस या १२० दिवसांतच होणार होती, त्यामुळे तिचे वेगळे पैसे मागायचे नाहीत. दुसरी मात्र उलटून गेलेल्या दिवसांतली आहे. त्या दिवसांचे पैसे कंपनीने घेतले आणि काम केले नाही. कंपनी एरवी एका फेरीला ५०० रुपये घेत असेल, तर ते यात मिळवायचे. बेरीज १,६२४ रुपये.

राहिले मेंब्रेन. त्याचा दर २,२०० रुपये धरला, तर वरच्या संपूर्ण बेरजेपेक्षा ही एक बाब मोठी आहे. आणि तिचा उरलेल्या दिवसांशी काही संबंध नाही. मेंब्रेन मुदतीत निकामी झाले, त्याची तक्रार मुदतीत नोंदवली गेली, कंपनीच्या माणसाने ते स्वतःच्या अक्षरात मान्य केले. २ जानेवारीलाच ते देय झाले. त्यामुळे या कुटुंबाने ३१ जानेवारीला करार रद्द करण्याचे पत्र पाठवणे म्हणजे स्वतःच्या हाताने २,२०० रुपयांची वस्तू वादात ढकलणे होय. करार चालू असेतो कंपनीने घरी येऊन मेंब्रेन बसवणे हे तिचे कर्तव्य असते. करार रद्द झाल्यावर तीच गोष्ट पैशांची मागणी बनते, आणि पैसे काढून घेणे हे मशीनचा भाग बदलून घेण्यापेक्षा नेहमीच अवघड. म्हणून क्रम असा हवा: आधी थकलेली सर्व्हिस आणि मेंब्रेन लेखी मागायचे, ते मिळवायचे, मग करार संपवायचा.

मेंब्रेन खरेच गेले आहे का, हे घरी तपासता येते. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. येणाऱ्या पाण्याचा आणि शुद्ध पाण्याचा आकडा घ्यायचा. ऑगस्टमध्ये ८२० पैकी ७५० अडवले जात होते, म्हणजे सुमारे ९१ टक्के. जानेवारीत ८२० पैकी ५३०, म्हणजे सुमारे ६५ टक्के. घरगुती मेंब्रेन नीट असेल तर साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षार अडवते. साठीत उतरलेले मेंब्रेन बदलण्याजोगे समजावे. पण या तपासणीत एक खोच आहे. अनेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाची लहानशी चकती किंवा कॉक असतो. मेंब्रेनमधून आलेल्या पाण्यात थोडे आरओ न झालेले पाणी मिसळून चव आणि क्षार राखणे हे त्याचे काम. तो उघडा असेल तर चांगल्या मेंब्रेनचाही आकडा वर जातो. उलट, मेंब्रेन खराब होत आलेले असताना टेक्निशियनने हा कॉक पूर्ण बंद केला तर आकडा काही काळ खाली येतो आणि मेंब्रेन ठीक आहे असा शेरा मारता येतो. म्हणून मोजणी कॉक बंद ठेवून, टाकीतले नव्हे तर मेंब्रेनमधून थेट येणारे पाणी घेऊन करावी, आणि कॉक बंद होता हे जॉब शीटवर लिहून घ्यावे. करार सुरू होतानाचा आकडा आणि संपतानाचा आकडा याच एका पद्धतीने घेतलेला असेल, तरच त्यांची तुलना टिकते.

शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. दुरुस्तीसाठी कंपनीने नेलेले भाग. एसीचा पीसीबी किंवा प्युरिफायरचा पंप वर्कशॉपला नेलेला असतो आणि त्याजागी तात्पुरता दुसरा बसवलेला असतो. करार रद्द झाला की तात्पुरता भाग परत मागितला जातो आणि मूळ भागाचा पत्ता नसतो. असा भाग बाहेर असेल तर त्याचा जॉब शीट क्रमांक लिहून आधी तो परत घ्यावा. बदललेले जुने भाग मात्र अनेक करारांनुसार कंपनीचे होतात. ते ठेवून घेण्याचा हट्ट धरण्याआधी ते कलम वाचावे.

एसीचा हिशेब याहून साधा असतो, कारण घरगुती एसीच्या पुष्कळ एएमसी मजुरीपुरत्याच असतात. समजा एप्रिल ते मार्च अशी मुदत, जीएसटी धरून २,३६० रुपये, तीन सर्व्हिस. एक एप्रिलमध्ये झाली, दुसरी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरअखेर करार मोडायचा ठरवला, तर उरलेल्या तीन महिन्यांचा वाटा ५९० रुपये. तिसऱ्या सर्व्हिसची बाजारातली किंमत जवळपास तेवढीच. अशा वेळी परताव्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत तिसरी सर्व्हिस करून घ्यावी आणि ३१ मार्चला करार संपू द्यावा. मात्र वेळेचे भान हवे. मार्चच्या मध्यापासून महाराष्ट्रात उन्हाळ्याचे कॉल सुरू होतात, टेक्निशियन तक्रारींच्या मागे असतात आणि नियमित सर्व्हिस पुढे ढकलल्या जातात. एप्रिल-मेमध्ये संपणाऱ्या करारांतली शेवटची सर्व्हिस सगळ्यात जास्त बुडते ती याच कारणाने. मुदतीच्या आत मागणी नोंदवून तिचा क्रमांक ठेवला, तर टेक्निशियन मुदतीनंतर आला तरी ती सर्व्हिस जुन्याच करारातली आहे असे ठामपणे म्हणता येते.

ती शेवटची सर्व्हिस कोणती, हेही पाहावे. ड्राय सर्व्हिस म्हणजे जाळीचे फिल्टर धुणे आणि ब्लोअरने धूळ उडवणे. दहा-पंधरा मिनिटांत होते. वेट किंवा जेट सर्व्हिस म्हणजे आतल्या युनिटला प्लास्टिकची झोळी बांधून, छोट्या पंपाने कॉइल, ब्लोअर आणि ड्रेनचा ट्रे धुणे, आणि बाहेरच्या युनिटची कॉइलही पाण्याने धुणे. करारात दोन वेट आणि एक ड्राय असे लिहिलेले असेल आणि तिन्ही फेऱ्यांत फक्त जाळ्या धुतल्या गेल्या असतील, तर संख्येने सर्व्हिस पूर्ण दिसतात आणि काम अर्धे राहिलेले असते. बाहेरच्या युनिटपाशी कोणी गेलेच नाही, ही शहरातल्या उंच इमारतींमधली नेहमीची गोष्ट आहे. युनिट भिंतीबाहेर अवघड जागी असेल तर तिथे पोचण्याची सोय कोणी करायची हे करारात लिहिलेले असते. त्या सबबीवर वर्षभर ते युनिट न धुता सर्व्हिस झाली असे लिहिले जात असेल, तर ती नोंद ग्राहकाने मान्य करू नये.

सर्व्हिसनंतर एसी वीस मिनिटे पूर्ण कूलिंगवर चालवून, आत खेचल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान साध्या थर्मामीटरने मोजता येते. साधारण आठ ते बारा अंश सेल्सिअसचा फरक ठीक समजतात. फरक बराच कमी असेल आणि पातळ तांब्याच्या नळीवर बर्फ धरत असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता आहे. इथे शेवटच्या फेरीला अनेकदा गॅस भरण्याचा खर्च पुढे केला जातो. गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि कमी झाला तर कुठेतरी गळतीच असते. गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जातो. सर्वसमावेशक करार असेल तर गळती काढणे आणि गॅस भरणे दोन्ही मुदत संपण्याआधी करून घ्यावे. मजुरीपुरता करार असेल तर निदान गळती कुठे आहे हे जॉब शीटवर लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला तिथून सुरुवात करता येते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत कॉइल गंजून होणारी गळती मात्र काही करार स्पष्टपणे वगळतात.

घर बदलणे किंवा मशीन विकणे हे कारण असेल, तर करार संपवण्याआधी तो बदलून घेता येतो का ते विचारावे. एएमसी माणसाशी नव्हे, मशीनच्या सीरियल नंबरशी बांधलेली असते. पत्ता बदलून नव्या गावच्या सर्व्हिस सेंटरकडे करार वर्ग करणे, किंवा मशीनबरोबर नव्या मालकाच्या नावे करणे, बऱ्याच कंपन्या मान्य करतात. त्यात उरलेल्या सर्व्हिस तशाच पुढे जातात. एसी काढण्या-बसवण्याचा खर्च यात येत नाही.

मुदतीच्या मध्येच करार मोडण्याचा हक्क किती, हे कारणावर अवलंबून आहे. ग्राहकाचे केवळ मन बदलले आणि करारात परतावा नाही असे लिहिले असेल, तर कंपनी बहुधा पैसे देत नाही. कंपनीने कबूल केलेली सर्व्हिस दिली नसेल, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कराराप्रमाणे करायच्या कामातली उणीव ही सेवेतील त्रुटी मानली आहे. त्रुटी असलेली सेवा बंद करून तिचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत करायला नकार देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. परतावा नाही हे छापील वाक्य कंपनीने स्वतःचे काम केले आहे असे गृहीत धरून लिहिलेले असते. तिने कामच केले नसेल तर केवळ त्या वाक्याच्या आडोशाला तिला राहता येत नाही.

मागणी कोणाकडे करायची, हे पावतीवरचे नाव आणि जीएसटी क्रमांक सांगतात. पुष्कळ एएमसी मशीन बनवणारी कंपनी नव्हे, तर तिची स्थानिक फ्रँचायझी विकते आणि पावती स्वतःच्या नावे देते. अशा वेळी कंपनीच्या कस्टमर केअरला ग्राहकाचा करारच दिसत नाही. पत्र पावती देणाऱ्याला पाठवावे आणि कंपनीला प्रत द्यावी. दूरध्वनीवरची बोलणी पुराव्याच्या कामाची नसतात. ईमेल आणि स्पीड पोस्ट हे दोन्ही वापरावेत. पत्रात ग्राहक क्रमांक, कराराचा क्रमांक, सीरियल नंबर, मुदत, कबूल केलेल्या सर्व्हिस, झालेल्या सर्व्हिस तारखांसह, आणि थकलेले काम इतके यावे. वरच्या कुटुंबाचे पत्र असे होईल: तीनपैकी एकच नियमित सर्व्हिस १२ ऑगस्टला झाली, ४ ऑक्टोबरची फेरी गळतीच्या तक्रारीची होती आणि तिची नोंद दुरुस्त करावी, २ जानेवारीला मान्य केलेले मेंब्रेन आणि थकलेली सर्व्हिस पंधरा दिवसांत द्यावी, ती न दिल्यास सेवेतील त्रुटीमुळे करार त्या दिवसापासून संपला असे समजून ३,८२४ रुपये परत करावेत. शेवटचा आकडा म्हणजे आधीचे १,६२४ आणि मेंब्रेनचे २,२००. पंधरा दिवस जातील तसा उरलेल्या दिवसांचा वाटा थोडा घटेल, तो पत्रातच मान्य करावा. परताव्यात जीएसटीचा भागही येतो. व्यापारी त्यासाठी क्रेडिट नोट काढतो.

उत्तर आले नाही तर पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती निवाडा देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून मध्यस्थी करते. इतक्या रकमेच्या तक्रारीसाठी हीच पायरी सर्वांत सोयीची. ती निष्फळ ठरली तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार सेवेतील त्रुटीचीच मांडावी. कराराचे कलमच अन्यायकारक आहे असा मुख्य मुद्दा केला, तर ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या नव्हे, राज्य आयोगाच्या कक्षेत जाते, आणि तीन-चार हजारांसाठी मुंबई गाठणे कोणालाच परवडत नाही.

करार संपला तरी काही गोष्टी चालू राहतात. बसवलेल्या नव्या भागावर जॉब शीटवर वेगळी वॉरंटी लिहिली असेल तर ती एएमसीबरोबर संपत नाही. मेंब्रेन किंवा पीसीबी बदलल्याची तारीख म्हणून जपून ठेवावी. एसीच्या कॉम्प्रेसरवर उत्पादकाने दिलेली पाच किंवा दहा वर्षांची वॉरंटीही एएमसीपासून वेगळी असते. एएमसी नाही म्हणून ती रद्द झाली असे कोणी सांगितले, तर वॉरंटी कार्डावर तशी अट छापलेली आहे का ते दाखवायला सांगावे. तिच्यात सहसा कॉम्प्रेसर मिळतो. गॅस, मजुरी आणि वाहतूक यांचे पैसे लागू शकतात.

बंद करायचे राहते ते पैसे कापण्याचे आदेश. एएमसी घेताना यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचा ई-मँडेट दिलेला असेल, तर करार संपल्याचे पत्र पाठवून तो बंद होत नाही. यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात किंवा बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन तो स्वतः रद्द करावा. अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देण्याचे बंधन आहे. तो संदेश नूतनीकरण थांबवण्याची शेवटची संधी असतो. नूतनीकरण सहज होऊ देणारी पण रद्द करणे मुद्दाम अवघड करणारी रचना ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मना केली आहे, आणि तिची तक्रारही १९१५ वर करता येते.

मुदत संपण्याच्या सुमारास एएमसी विभागातून बोलतो असे सांगणारे फोन येऊ लागतात. ग्राहकाचे नाव, मॉडेल आणि मुदतीची तारीख त्यांना माहीत असते, त्यामुळे ते खरे वाटतात. सवलतीची रक्कम एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर मागितली जात असेल, तर तो फोन कंपनीचा नाही असे समजून व्यवहार थांबवावा. मशीनवर किंवा मूळ पावतीवर छापलेल्या क्रमांकाला स्वतः फोन करून करार खरेच कोणत्या तारखेला संपतो आणि खात्यावर किती सर्व्हिस बाकी दिसतात हे विचारावे. खात्यावरचा आकडा आणि घरातल्या जॉब शीटचा आकडा जुळत नसेल, तर दुरुस्तीची मागणी मुदतीच्या आतच ईमेलने करावी.